तात्या काय करायलेत?

इंग्रजी शिकायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी जिना चढलो तो भाडं मागायला. मुखेडात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर एक रिकामी खोली होती. ती एका तरुण सरांनी ‘इंग्लिश स्पीकिंग’च्या क्लाससाठी घेतली. खोली बघायला आले तेव्हा सर सगळ्या काळांत बोलत होते. भाड्याचा विषय निघाला की मात्र त्यांना एकच काळ यायचा, भविष्यकाळ. “देणारच आहे, काका.” महिना संपला की पुन्हा, “देणारच आहे.” शेवटी एका संध्याकाळी मी वरच गेलो. सरांनी हातातला खडू ठेवला, मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि म्हणाले, “काका, भाड्यात फी वळती करू. तुम्हीच शिका की!”

धंद्यातल्या माणसाला बुडीत उधारीपोटी जे मिळेल ते उचलायची सवय असते. मी उधारीपोटी तूर घेतली आहे, सोयाबीन घेतलं आहे, एकदा तर बोकडही घेतला आहे. इंग्रजी तेवढी राहिली होती.

वर्गात माझ्याशिवाय तिघं नियमित होते. एक तात्या, निवृत्त तलाठी. दुसरी तात्यांची सून. पोराला इंग्रजी शाळेत घातल्यापासून त्याचा गृहपाठ तिच्या मानगुटीवर बसला होता. सासऱ्याला सोबत म्हणून आणलंय असं ती म्हणायची आणि सुनेला सोबत म्हणून आलोय असं तात्या म्हणायचे. तिसरा पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, त्यामुळे त्याला पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजीत नापास होता आलं. तात्यांना आणि मला ती संधी पाचवीपर्यंत वाट बघून मिळाली.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर एक चित्र चिकटवलं. ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल, कारण इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक पुस्तकात ते एकच चित्र असतं. बाग. तळं. तळ्यात बदक. बाकावर पेपर वाचणारा म्हातारा, फुगेवाला, पतंग उडवणारा मुलगा आणि कारणाशिवाय आनंदी असलेला कुत्रा. गवत इतकं हिरवं की तेवढा हिरवा रंग मी फक्त खताच्या गोणीवर छापलेल्या पिकात पाहिला आहे.

“या चित्राचं वर्णन करायचं,” सर म्हणाले. “सहा-सात वाक्यं. पहिल्या वाक्यात चित्र कशाचं आहे ते सांगायचं. दिस इज अ पिक्चर ऑफ अ पार्क. मग देअर इज, देअर आर करून एक-दोन ठळक गोष्टी. एक असेल तर इज, जास्त असतील तर आर. त्यापुढं प्रत्येक वाक्याला तीनच प्रश्न विचारायचे. कोण? काय करायलंय? कुठं? अ बॉय इज फ्लाइंग अ काइट निअर द पाँड. आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं. अंदाज करायचा नाही.”

हे ऐकून तात्यांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, “सर, हा तर पंचनामा हाय!”

तात्यांनी उभी हयात पंचनामे करण्यात घालवली. गारपिटीचे, जळालेल्या गंजीचे, पुरात वाहून गेलेल्या बांधांचे. कोण, काय आणि कुठं, हे तर ते झोपेतही लिहितील. त्यांनी वही ओढली आणि आमची वही उघडायच्या आत पहिलं वाक्य वाचून दाखवलं. बाकाच्या पूर्वेस तळं, पश्चिमेस सदर फुगेवाला, उत्तरेस झाड, दक्षिणेस कुत्रा. सगळी चतुःसीमा इंग्रजीत. ‘सदर’ला इंग्रजी शब्द सापडला नव्हता म्हणून तो तसाच ठेवला होता.

“तात्या, चित्राला उत्तर दिशा कुठली?” सरांनी विचारलं.

“वरची बाजू उत्तर. नकाशाला असते तीच.”

“मग म्हाताऱ्याचं डोकं त्याच्या पायाच्या उत्तरेला हाय म्हणावं का?”

तात्यांनी थोडा विचार केला. पोलीस भरतीच्या पोरानं मान वाकडी करून चित्र पाहिलं. चित्राला दिशा नसतात हे मान्य व्हायला बराच वेळ गेला. त्याऐवजी ‘ऑन द लेफ्ट’ आणि ‘ऑन द राइट’ म्हणायचं असं ठरलं, आणि लगेच नवा तंटा उभा राहिला. डावं कुणाचं? फुगेवाला आमच्याकडे तोंड करून उभा होता. आमच्या डाव्या हाताला असलेला कुत्रा त्याच्या उजव्या हाताला पडत होता. तात्यांचं म्हणणं, जो घटनास्थळी हजर आहे त्याचं डावं धरावं. सर म्हणाले, चित्रात डावं-उजवं कागदाचं, म्हणजे बघणाऱ्याचं. फक्त एखाद्याचा हात, पाय, खांदा सांगायचा असेल तर ते ज्याचं त्याचं. “कुत्रा ऑन द लेफ्ट. पण फुगे इन हिज राइट हँड.” तात्यांनी उठून फळ्याकडे पाठ केली, फुगेवाल्यासारखा हात वर धरला, सगळं तपासलं आणि मग सही केल्यासारखी मान हलवली.

यानंतर सरांनी फळ्यावर मोठं ‘आयएनजी’ लिहिलं आणि आम्हाला जे सांगितलं त्यानं मला माझं सगळं भाडं वसूल झाल्यासारखं वाटलं.

“पुस्तकात ‘करत आहे’ लिहितात,” सर म्हणाले. “पुण्याकडं ‘करतोय’ म्हणतात. आपण मुखेडात काय म्हणतो?”

“करायलाय!” आम्ही एका सुरात.

“तेच. जिथं जिथं तुमच्या तोंडात ‘करायलाय’ येतं तिथं इंग्रजीत आयएनजी. मी करायलो, आय ॲम डूइंग. तो करायलाय, ही इज डूइंग. ते करायलेत, दे आर डूइंग.”

पोलीस भरतीचा पोरगा एकदम उभाच राहिला. “म्हंजे सर, आपल्याला येतंय की इंग्रजी!”

ती पाच मिनिटं वर्गानं जी मजा केली ती काय सांगू! मुलगा पतंग उडवायलाय, इज फ्लाइंग. बदक पोहायलंय, इज स्विमिंग. कुत्रा पळायलाय, इज रनिंग. स्विमिंगमध्ये एम दोनदा आणि रनिंगमध्ये एन दोनदा लिहायचा, सिटिंगमध्ये टी दोनदा, आणि राइडमधला शेवटचा ई मात्र राइडिंग करताना गाळायचा, हे सरांनी ओझरतं सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. एक अख्खा काळ फुकटात मिळालेला असताना एखादं अक्षर इकडंतिकडं झालं तर कोण बघतंय?

एकच गोष्ट सर पुनःपुन्हा टोकत होते. आम्ही ‘इज’ खात होतो. ‘बॉय फ्लाइंग काइट’, ‘डक स्विमिंग’. सरांच्या मते याला आमचं तोंडच जबाबदार. ‘उडवायलाय’मध्ये ‘आहे’ घासून घासून शेवटच्या ‘य’पुरतं उरलेलं असतं. तो ‘य’ म्हणजेच ‘इज’. “मराठीत तो चिकटलेला हाय म्हणून दिसत नाही. इंग्रजीत तो सुटा करून पुढं आणून ठेवायचा.” खताच्या बिलात हमाली वेगळी दाखवतात तशी ही भानगड दिसते, असं म्हणून मी वहीत नोंद केली.

मग तात्यांची पाळी आली आणि त्यांना नेमका म्हातारा मिळाला.

तात्यांनी प्रामाणिकपणे कसोटी लावली. म्हातारा काय करायलाय? तो बसायलाय का? नाही. तो बसलाय. ‘करायलाय’ येत नाही, सबब आयएनजी नाही. त्यांनी वाचलं, “ॲन ओल्ड मॅन हॅज सॅट ऑन द बेंच.”

“इज सिटिंग,” सर म्हणाले.

“ते कसं? तो बसलाय. बसून झालंय. अर्धा पेपर वाचून झालाय त्याचा. ‘बसायलाय’ म्हणलं तर त्याचं बूड अजून बाकाला टेकलंच नाही असं होईल. मी असा पंचनामा केला असता तर तहसीलदारानं माझी बदली केली असती.”

सरांना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी तो करून दाखवायचं ठरवलं. खुर्चीसमोर उभं राहून ते हळूहळू खाली झुकले, गुडघे वाकवले आणि खुर्चीपासून वीतभर वर थांबले. “हे बघा. हे जे मी आत्ता करायलो, हे ‘सिटिंग डाउन’. मराठीतलं ‘बसायलाय’ म्हणजे हे.” ते तसेच अधांतरी बोलत राहिले. “आणि आता मी टेकलो की...” एवढं म्हणताना त्यांच्या कमरेतून एक आवाज आला. पुढचं वाक्य कुठल्याच भाषेतलं नव्हतं. मी आणि पोरानं दोन्ही बगलांत हात घालून त्यांना खुर्चीत ठेवलं. तिथं ते डोळे मिटून म्हणाले, “नाऊ आय ॲम सिटिंग.”

एवढ्या वेदनेतून आलेला नियम विसरणं शक्य नव्हतं. तो असा. काही क्रिया करून झालेल्या असतात, पण त्यांची अवस्था टिकून असते. माणूस बसलेला, उभा राहिलेला, झोपलेला, भिंतीला टेकलेला, हातात काही धरलेला, अंगावर काही घातलेला. मराठी माणूस म्हणतो, झालं ना करून? म्हणून बसलाय, झोपलाय, टेकलाय, धरलंय, घातलंय. इंग्रज म्हणतो, टिकून आहे ना अजून? म्हणून इज सिटिंग, इज स्लीपिंग, इज लीनिंग, इज होल्डिंग, इज वेअरिंग. आणि चित्रात गंमत अशी की धावणारी माणसं थोडी आणि बसलेली, उभी, टेकलेली, कपडे घातलेली माणसंच जास्त. म्हणजे ‘करायलाय’ची कसोटी जिथं सगळ्यात जास्त लागणार तिथंच ती पाय घसरून पडते.

सूनबाईंनी नीट ऐकून वाक्य केलं. फुगे घेणाऱ्या बाईनं साडी नेसली आहे. पण ‘नेसणे’ला शब्द शोधताना त्यांच्या हाती मोबाइलमधला भलताच लागला. “शी इज पुटिंग ऑन अ साडी.”

सरांनी घसा खाकरला. “ताई, वेअरिंग म्हणा. वेअरिंग म्हणजे अंगावर हाय. पुटिंग ऑन म्हणजे... नेसायलीय.”

भर बागेत, फुगेवाल्यासमोर, पेपरवाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी. तात्यांनी नजर छताकडे वळवली. सूनबाईंनी खोडरबर इतक्या जोरात चालवलं की कागद फाटला.

यानंतर भीतीपोटी आम्ही प्रत्येक गोष्टीला आयएनजी लावत सुटलो. पोरानं लिहिलं, “द बॉय इज हॅविंग अ डॉग.” सरांनी कमरेवर हात दाबत सांगितलं की जवळ असणे या अर्थाचं ‘हॅव’ आयएनजी घेत नाही. द बॉय हॅज अ डॉग. “हॅविंग टी म्हणजे चहा घ्यायलाय. हॅविंग लंच म्हणजे जेवायलाय. मग हॅविंग अ डॉग म्हणजे?” पोरानं चित्रातल्या त्या आनंदी कुत्र्याकडं पाहिलं आणि निमूटपणे वाक्य खोडलं.

आता ‘कुठं’. इथं खरं तर मुखेडकराला कुणी हरवू शकत नाही. आमच्याकडं पत्ता म्हणजे निव्वळ शब्दयोगी अव्ययं. “बँकेच्या मागं, टाकीच्या शेजारी, पिठाच्या गिरणीच्या समोर, खालच्या अंगाला.” यात कुठं घर क्रमांक आलाय का? तरी पाहुणा बरोबर पोचतो, जेवणाच्या वेळेला. अडचण एवढीच की आमचा ‘वर’, ‘खाली’, ‘मागं’ नावाच्या मागून येतो आणि इंग्रजीचा पुढून. टेबलावर, ऑन द टेबल. तात्यांना हे मुळीच पटेना. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. “आमचा बाप म्हणायचा मेज पर. म्हंजे ‘पर’ मागंच. कानडीवाला मेजिन मेले म्हणतो, त्याचाही मागंच. तेलुगूवाला बल्ल मीद, तोही मागं. देगलूरच्या बाजारात उभं राहिलं तर चारी भाषांतली माणसं भेटतील, सगळ्यांचा ‘वर’ वस्तूच्या मागं. हा एकटाच पुढं घुसायलाय.”

सरांकडं याला उत्तर नव्हतं. ते म्हणाले, “तात्या, बहुमतानं इंग्रजी बदलत नाही.”

शिवाय आमचा एक ‘वर’ तिकडं तीन-चार ठिकाणी वाटला गेलेला निघाला. चिकटून असेल तर ऑन. ऑन द बेंच, आणि भिंतीवरचं घड्याळही ऑन द वॉल, कारण ते भिंतीला चिकटलेलं आहे. मधे अंतर असेल तर अबव्ह. झाडावरचा आंबा ऑन द ट्री, कारण तो झाडाचाच. पण झाडावरचा पक्षी इन द ट्री, कारण तो फांद्या-पानांच्या आत शिरून बसलेला. मी हे सगळं मन लावून ऐकलं आणि उदाहरण म्हणून खोलीतलं वाक्य केलं. “द फॅन इज ऑन माय हेड.” सगळ्यांनी दचकून वर पाहिलं. पोरगा तर बाकासकट बाजूला सरकला. माझ्या डोक्यापासून पंखा पाच फूट वर होता. घरमालक मीच असल्यामुळे तो पडणार नाही याची मला खात्री होती, पण वर्गाला नव्हती.

बागेच्या चित्राचा सरांनाही कंटाळा आला असावा. पुढच्या वेळी त्यांनी ते काढून टाकलं आणि स्वतः मोबाइलवर काढलेला एक फोटो मोठ्या कागदावर छापून आणला. “आज आपलं चित्र,” ते म्हणाले. बसस्टँड. भर दुपार. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बदक नाही, फुगे नाहीत. सगळं ओळखीचं.

फोटोच्या मधोमध लाल एसटी उभी होती आणि तिच्या खाली एक कुत्रं झोपलेलं. दाराशी कंडक्टर टेकलेला. डाव्या बाजूला लिंबाचं मोठं झाड, सावलीत गाठोड्याजवळ बसलेली म्हातारी. एक शेळी सभेची पत्रिका खात होती. उजवीकडे भज्यांचा गाडा, मागं कढईत झारा फिरवणारा माणूस. आणि लिंबाच्या बुंध्यामागून अर्धवट दिसणारा एक इसम.

पोरानं धडाक्यात सुरुवात केली. “दिस इज अ पिक्चर ऑफ अ बसस्टँड. देअर इज अ रेड बस इन द मिडल. अ डॉग इज स्लीपिंग अंडर द बस.” सरांनी तीनदा ‘गुड’ म्हटलं. त्या जोरावर तो पुढं गेला, “ॲन ओल्ड वुमन इज वेटिंग फॉर द देगलूर बस.”

“देगलूरची कशावरून?”

“आता दुपारी तीच असते की, सर.”

“चित्रात दिसायलीय का?”

“नाही, पण...”

“मग इज सिटिंग अंडर द ट्री. एवढंच दिसतंय. ती वाट बघायलीय का नुसती टेकलीय हे कॅमेऱ्याला कळत नाही.”

तात्यांनी या निर्णयाला जोरदार दुजोरा दिला. पंचनाम्यात ऐकीव माहिती घालत नाहीत, डोळ्यानं दिसेल तेवढंच घालतात, यावर त्यांनी एक छोटं व्याख्यानच दिलं. हा नियम आपल्याला किती उपयोगी पडणार आहे हे त्यांना बहुधा आतून जाणवलं असावं, कारण फोटो समोर आल्यापासून ते जरा अस्वस्थ होते. सारखे पाणी पीत होते.

माझ्या वाट्याला शेळी आली. “अ गोट इज ईटिंग अ पेपर इन फ्रंट ऑफ द बस.” तात्या, स्वतःकडं लक्ष जाऊ नये म्हणून की काय, यावर तुटून पडले. शेळी बसच्या समोर नाही, बाजूला आहे! झालं असं होतं की बस आडवी उभी होती. आमच्या बाजूनं बघितलं तर शेळी बसच्या अलीकडे. पण बसचं तोंड उजवीकडे, त्यामुळे बसच्या हिशेबानं समोर भज्यांचा गाडा. सरांनी तोड काढली. ज्या वस्तूला स्वतःचं तोंड असतं, म्हणजे घर, बस, माणूस, तिथं समोर म्हणजे शक्यतो तिच्या तोंडासमोर. इथं घोटाळा होतो म्हणून ‘निअर द बस’ किंवा ‘नेक्स्ट टू द बस’ लिहून मोकळं व्हावं. झाडाला मात्र तोंड नसतं. “झाडाच्या मागं म्हणजे, आपण आणि तो माणूस यांच्या मधे झाड. तो बिहाइंड द ट्री. यात वाद होऊच शकत नाही.”

तात्यांनी पुन्हा पाणी घेतलं.

झाडामागचा माणूस सूनबाईंकडं होता. त्यांनी चार वाक्यं लिहिली होती आणि त्या उभं राहून, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागल्या.

“अ मॅन इज स्टँडिंग बिहाइंड द ट्री.”

“गुड.”

“ही इज वेअरिंग अ व्हाइट टोपी.”

“व्हेरी गुड. वेअरिंग बरोबर.”

“ही इज ईटिंग भजी.”

“एक्सलंट.”

“ही इज कॅरिंग अ ग्रीन बॅग ऑन हिज लेफ्ट शो...”

इथं सूनबाई थांबल्या. त्या हिरव्या पिशवीच्या बंदाला लाल दोऱ्याची शिवण होती. घरात हिरवा दोरा संपला म्हणून ती लाल दोऱ्यानं कुणी घातली हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच. त्यांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा तात्यांच्या खुर्चीला लटकलेल्या पिशवीकडं पाहिलं. द बॅग वॉज... पण तो काळ अजून व्हायचा होता. द बॅग इज हँगिंग ऑन द चेअर.

तात्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. घरी आत्याबाईंनी तर तेलाचा डबा वरच्या फळीवर हलवला होता. तात्या रोज दुपारी “बँकेत जाऊन येतो” म्हणून निघायचे. त्यांचं पेन्शनचं पासबुक मुखेडात सगळ्यात जास्त वेळा भरून घेतलेलं पासबुक असेल.

“मामा,” सूनबाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही काय करायलेत हितं?”

मला वाटलं, आता तात्या खचणार. पण ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पंचनामे केले त्यांना स्वतःच्या पंचनाम्यातल्या फटी चांगल्या माहीत असतात. ते सावकाश उठले, चष्मा लावला आणि फोटोजवळ गेले.

“सर, इसम कोण हे चित्रात कुठं लिहिलंय? अ मॅन. हे वाक्य बरोबर हाय. उगं ‘मामा’ म्हणायचं कारण नाही.”

“बरोबर,” सर म्हणाले. दुसरं करणार तरी काय? नियम त्यांचाच होता.

“आता ईटिंग. तोंड झाडाच्या बुंध्याआड हाय. दिसायलंय का कुणाला? जे दिसत नाही ते लिहायचं नाही. हातात कागद हाय, कागदात भजी हाय, इतकंच दिसतं. सबब ही इज नॉट ईटिंग. ही इज होल्डिंग.”

होल्डिंग. धरलंय. तात्यांनी तो शब्द ज्या दिमाखात उच्चारला त्यावरून आयएनजीचा धडा वर्गात फक्त त्यांनाच पचला होता हे मला कबूल करावं लागलं. सरही हरखले. शिकवलेलं इतक्या चपखल वापरणारा विद्यार्थी त्यांना आजवर मिळाला नसावा. आरोपी आहे हे विसरून त्यांनी तात्यांसाठी टाळी वाजवली.

पण पोलीस भरतीच्या पोरानं एव्हाना सरांचा मोबाइल घेऊन मूळ फोटो दोन बोटांनी ताणला होता. “सर, झाडाच्या ह्या अंगाला गाल दिसायलाय.”

“मग?”

“सुजलाय.”

सगळे मोबाइलवर वाकले. बुंध्याच्या कडेनं खरोखरच एक गाल बाहेर आला होता आणि तो भरलेला होता. भजं किती मोठं हेही सांगता आलं असतं, पण अंदाज करायचा नाही.

“दाढ दुखत असंल त्या माणसाची,” तात्या म्हणाले.

“देअर इज ऑइल ऑन हिज चिन,” सूनबाई म्हणाल्या. इतकं शुद्ध वाक्य त्यांनी कोर्समध्ये पहिल्यांदाच, कागद न बघता म्हटलं होतं. ऑन, कारण चिकटलेलं.

सरांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला. गाल, तेल आणि कागद एकत्र दिसत असल्यामुळे ‘इज ईटिंग’ हे वाक्य ग्राह्य. तात्यांचं ‘इज होल्डिंग’ही चूक नाही, दोन्ही ठेवावीत. तात्या खुर्चीत बसले. म्हणजे आधी सिटिंग डाउन आणि मग सिटिंग, दोन्ही अवस्था त्या दिवशी स्वच्छ वेगळ्या दिसल्या.

सूनबाई वही पिशवीत ठेवत म्हणाल्या, “सर, हे पान मी घरी नेते. पोराला दाखवायला, आणि आत्याबाईंनाही.”

“आत्याबाईंना इंग्रजी येत नाही,” तात्या घाईनं म्हणाले.

“मराठीत सांगते की. मामांनी भजी खाल्ली.”

“खाल्ली? खाल्ली म्हंजे भूतकाळ झाला,” तात्या म्हणाले. त्यांनी आशेनं सरांकडं पाहिलं. “सर, भूतकाळ कधी शिकवणार हाय तुम्ही?”

“पुढच्या महिन्यात.”

“ऐकलंस ना?” तात्या सुनेला म्हणाले. “जे अजून शिकवलं नाही ते घरी जाऊन बोलायचं नाही.”